R एकच, किमती चार : वायू स्थिरांकाच्या गणितांत मार्क कुठे जातात?

अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीच्या वह्यांमध्ये एक उत्तर वारंवार दिसतं. प्रश्न साधा असतो : अर्धा मोल वायू २७ अंश सेल्सिअसला आणि २ ॲटमॉस्फिअर दाबाला ठेवला, तर त्याचं आकारमान किती? वहीत PV = nRT हे सूत्र बरोबर लिहिलेलं असतं. तापमानाचं ३०० केल्विन केलेलं असतं. गुणाकार-भागाकारही अचूक असतो. आणि शेवटी उत्तर येतं ६२३.५ लिटर. खरं उत्तर आहे ६.१६ लिटर.

सूत्र येतं, संकल्पना कळली आहे, आकडेमोडही चुकलेली नाही, तरी उत्तर शंभर पटींनी चुकलं. चूक एकाच ठिकाणी झाली : R ची किंमत ०.०८२१ घ्यायला हवी होती, तिथे ८.३१४ घेतली. बारावीला बसणाऱ्या ज्युनिअर मित्रमैत्रिणींनो, ही टिपणवजा नोंद तुमच्यासाठी आहे. बोर्डाच्या पेपरात सूत्राला आणि किमती घालण्याला थोडेफार गुण मिळून जातात. सीईटीत मात्र पर्याय बरोबर असतो किंवा चूक, अधलंमधलं काही नसतं. शिवाय अशा चुकीतून येणारं उत्तर पर्यायांत हजर असेल, तर तुम्ही त्यावर आनंदाने टिक करून पुढे जाता.

R म्हणजे नेमकं काय

पुस्तकात R च्या तीन-चार किमती एकाखाली एक दिलेल्या असतात आणि आपण त्या पाढ्यासारख्या पाठ करतो. पाठ केलेली गोष्ट परीक्षेच्या घाईत हवी तेव्हा हवी तीच आठवेल याची खात्री नसते. त्यापेक्षा या किमती येतात कुठून, हे एकदा पाहून घ्या.

दाब म्हणजे एक चौरस मीटरवर किती न्यूटन बल पडतं. त्याला घनमीटरमधल्या आकारमानाने गुणलं, की न्यूटन गुणिले मीटर उरतं, आणि तेच जूल. म्हणजे PV हा गुणाकार ऊर्जेचा असतो. सूत्र थोडं फिरवून R = PV/nT असं लिहिलं, की R म्हणजे दर मोलमागे, दर केल्विनमागे इतकी ऊर्जा, हे दिसतं. ही ऊर्जा जूलमध्ये मोजली तर ८.३१४ येते. वायू आदर्श असेल तर तो हायड्रोजन असो की नायट्रोजन, आकडा तोच.

आता दाब पास्कलऐवजी ॲटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान घनमीटरऐवजी लिटरमध्ये मोजलं, तर त्यांचा गुणाकार 'लिटर-ॲटमॉस्फिअर' होतो. तोही ऊर्जेचाच एकक आहे, फक्त जूलपेक्षा मोठा. १ लिटर-ॲटमॉस्फिअर म्हणजे १०१.३२५ जूल. ८.३१४ ला १०१.३२५ ने भागा, ०.०८२०५ येईल. पुस्तकातलं ०.०८२०६ किंवा ०.०८२१ ते हेच, शेवटच्या अंकाचा फरक फक्त राउंडिंगचा. दाब बारमध्ये घेतला तर १ लिटर-बार म्हणजे बरोबर १०० जूल, म्हणून किंमत ०.०८३१४. आणि ऊर्जा कॅलरीत मोजली तर ४.१८४ ने भागून १.९८७.

चार किमती, पण राशी एकच. ८.३१४ पक्कं ठेवलं आणि १०१.३, १०० व ४.१८४ हे तीन भाजक लक्षात ठेवले, तर बाकीच्या तिन्ही किमती कागदाच्या कोपऱ्यात अर्ध्या मिनिटात काढता येतात. २०१९ मध्ये एककांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत बोल्ट्झमन स्थिरांक आणि ॲव्होगॅड्रो स्थिरांक यांच्या किमती ठरवून टाकण्यात आल्या. या दोघांचा गुणाकार म्हणजेच R, त्यामुळे आता R ची किंमतही पक्की ठरलेली आहे : ८.३१४४६२६ आणि पुढे. परीक्षेला तीन दशांश स्थळं पुरतात.

कोणती किंमत कुठे

गणित वाचल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा : इथे R चं नातं दाब-आकारमानाशी आहे, की ऊर्जेशी?

आदर्श वायूचं समीकरण आणि परासरण दाब, म्हणजे ऑस्मॉटिक प्रेशर, ही पहिल्या गटातली गणितं. इथे R ची किंमत दाबाच्या एककावरून ठरते. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये, तर ०.०८२०६. दाब बारमध्ये, तर ०.०८३१४. दाब पास्कलमध्ये आणि आकारमान घनमीटरमध्ये, तर ८.३१४. घन डेसिमीटर म्हणजे लिटरच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या गटात एन्थाल्पी आणि अंतर्गत ऊर्जा यांतला फरक, गिब्ज ऊर्जा आणि समतोल स्थिरांक यांचं नातं, अऱ्हेनियसचं समीकरण, रेणूंचा वेग अशी गणितं येतात. इथे उत्तर जूलमध्ये किंवा जूलवरून यायचं असतं, म्हणून ८.३१४. या गटात ०.०८२ ला जागाच नाही.

परासरण दाबाच्या गणितात एक बारकावा आहे. १०० मिलिलिटर द्रावणात १.८ ग्रॅम ग्लुकोज आहे आणि तापमान ३०० केल्विन आहे असं समजा. ग्लुकोजचं मोलर वस्तुमान १८०, म्हणजे ०.०१ मोल, आणि संहती लिटरला ०.१ मोल. परासरण दाब = ०.१ × ०.०८२०६ × ३०० = २.४६ ॲटमॉस्फिअर. आता कुणी ८.३१४ घातलं तर २४९.४ येतं. हा आकडा खरं तर चुकीचा नाही. लिटर आणि ८.३१४ यांची जोडी जमवली, की दाब आपोआप किलोपास्कलमध्ये येतो, आणि २४९.४ किलोपास्कल म्हणजे २.४६ ॲटमॉस्फिअरच. मार्क जातात ते २४९.४ च्या पुढे 'ॲटमॉस्फिअर' लिहिल्याने. किलोपास्कल लिहिलं असतं तर उत्तर बरोबर ठरलं असतं. म्हणून एकक शेवटी सवयीने चिकटवू नका. किमती घालतानाच प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं एकक लिहा आणि गुणाकारातून जे उरेल तेच उत्तरापुढे ठेवा.

२२.४ की २२.७?

ॲटमॉस्फिअर आणि बार यांच्यात फरक सव्वा टक्क्याचाच आहे : १ ॲटमॉस्फिअर म्हणजे १.०१३२५ बार. पण पर्याय जवळजवळचे असले की सव्वा टक्काही महाग पडतो. एक मोल वायूचं आकारमान २२.४ लिटर, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. ते ० अंश सेल्सिअसला आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाला खरं आहे. १९८२ मध्ये आयुपॅकने प्रमाण दाब १ बार ठरवला. १ बारला तेच आकारमान २२.७ लिटर होतं.

दोन्ही आकडे पाठ करून गोंधळण्यापेक्षा ते R वरून काढा. ०.०८२०६ × २७३.१५ = २२.४१ आणि ०.०८३१४ × २७३.१५ = २२.७१. प्रश्नात दाब कोणत्या एककात दिला आहे ते पाहा, आकारमान त्याच्या मागे येतं. आणि तापमान २५ किंवा २७ अंश असेल, तर दोन्ही आकडे बाजूला ठेवा. ३०० केल्विन आणि १ ॲटमॉस्फिअरला एक मोल वायू २४.६ लिटर जागा घेतो. हा आकडा लक्षात असला की बरीचशी उत्तरं आधीच जोखता येतात. सुरुवातीचंच गणित घ्या : अर्धा मोल म्हणजे १२.३ लिटर, दाब दुप्पट म्हणजे त्याच्या निम्मे, सुमारे ६.१५. इतका अंदाज मनात असेल, तर ६२३ लिटर कागदावर उतरतानाच हात थांबतो.

किलोजूल आणि जूल

दुसऱ्या गटात R ची निवड सोपी आहे, पण तिथे हजाराचा खड्डा आहे. R जूलमध्ये असतो आणि पुस्तकातल्या बहुतेक ऊर्जा किलोजूलमध्ये.

अमोनियाचं उदाहरण घ्या. एक मोल नायट्रोजन आणि तीन मोल हायड्रोजनपासून दोन मोल अमोनिया होतो. २९८ केल्विनला एन्थाल्पीतला बदल उणे ९२.४ किलोजूल आहे, तर अंतर्गत ऊर्जेतला बदल किती? सूत्र ΔH = ΔU + ΔnRT. वायूंचे मोल चारावरून दोनावर आले, म्हणून Δn उणे २. RT म्हणजे ८.३१४ × २९८ = २४७८ जूल, म्हणजे २.४८ किलोजूल. त्याची दुप्पट ४.९६. म्हणून ΔU = –९२.४ + ४.९६ = –८७.४ किलोजूल.

हजाराने भागायचं राहिलं तर –९२.४ मध्ये ४९५६ मिळवले जातात आणि उत्तर अधिक ४८६३ येतं. चिन्हच बदललं, उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया शोषणारी झाली! यासाठी आणखी एक आकडा जवळ ठेवा : खोलीच्या तापमानाला RT म्हणजे साधारण अडीच किलोजूल. त्यामुळे ΔH आणि ΔU यांच्यातला फरक दर मोलमागे अडीच किलोजूलच असणार. तो हजारांत गेला, की एकक चुकलं असं समजा.

ग्रॅम, किलोग्रॅम आणि रेणूचा वेग

रेणूंच्या वर्ग-मध्य-मूळ वेगाचं सूत्र आहे √(3RT/M). ऑक्सिजनचा ३०० केल्विनला वेग काढताना बहुतेक जण M च्या जागी ३२ घालतात, कारण मोलर वस्तुमान आपण नेहमी ग्रॅममध्येच लिहितो. उत्तर येतं सेकंदाला १५.३ मीटर. पण जूलची घडण किलोग्रॅम, मीटर आणि सेकंदातून झालेली आहे. R जूलमध्ये घेतला, की M किलोग्रॅममध्ये, म्हणजे ०.०३२ घ्यावा लागतो. मग वेग येतो सेकंदाला ४८४ मीटर.

इथे चूक हजाराची आहे, पण ती वर्गमुळाच्या आत असल्याने उत्तर ३१.६ पटींनीच चुकतं. म्हणून ती चटकन लक्षात येत नाही. ताडून पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर वेगाने जातो, आणि त्याला पुढे नेतात ते हवेचे रेणूच. मग ऑक्सिजनचे रेणू १५ मीटरने चालून कसं भागेल? त्यांचा वेग ध्वनीपेक्षा जास्तच यायला हवा.

सेल्सिअसचा चकवा

PV = nRT मध्ये तापमान केल्विनमध्ये घ्यायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी अऱ्हेनियसच्या गणितात अनेकजण फसतात, आणि त्याला कारण आहे. दोन तापमानांची वजाबाकी दोन्ही मापांत सारखीच येते. २७ ते ३७ अंश काय किंवा ३०० ते ३१० केल्विन काय, फरक दहाचाच. उष्मा धारकतेच्या गणितातलं तापमानातलं वाढ-घट पाहायची सवय झाली, की 'सेल्सिअस चालतं' असं मनात बसून जातं.

तापमान ३०० वरून ३१० केल्विनवर नेलं आणि अभिक्रियेचा वेग दुप्पट झाला, तर सक्रियण ऊर्जा किती? सूत्र असं :

Ea = 2.303 R × log(k₂/k₁) × T₁T₂/(T₂ − T₁)

छेदात वजाबाकी आहे, तिथे १० येतात. पण अंशात तापमानांचा गुणाकार आहे : ३०० × ३१० = ९३०००. त्याला १० ने भागून ९३००. लॉग २ म्हणजे ०.३०१०. म्हणून Ea = २.३०३ × ८.३१४ × ०.३०१० × ९३००, म्हणजे सुमारे ५३६०० जूल, अर्थात मोलला ५३.६ किलोजूल. २७ आणि ३७ घातले असते तर अंशात ९९९ आले असते आणि उत्तर ५७६ जूल निघालं असतं. वजाबाकी बरोबर आली म्हणून चूक लपली. नियम इतकाच : तापमान गुणाकारात, भागाकारात किंवा एकटं आलं, की केल्विन.

अऱ्हेनियसच्या समीकरणात दुसरा सापळा घातांकाचा. सक्रियण ऊर्जा ५० किलोजूल असेल, तर ३०० केल्विनला Ea/RT ची किंमत ५०००० भागिले २४९४, म्हणजे सुमारे २० येते. e चा उणे २० वा घात साधारण एक अब्जांशाच्या दुप्पट भरतो. म्हणजे अब्जावधी रेणूंपैकी मोजक्यांकडेच पुरेशी ऊर्जा असते. ५० तसेच घातले तर घातांक ०.०२ होतो आणि उत्तर ०.९८ येतं, म्हणजे जवळजवळ प्रत्येक रेणू अभिक्रियेला तयार! घातांकातली हजाराची चूक उत्तरात हजारपट दिसत नाही, ती उत्तराचा अर्थच बदलते. म्हणून घातांक वेगळा काढा, तो निव्वळ आकडा आहे ना, त्याला कोणतंही एकक उरलं नाही ना, हे पाहा आणि मगच पुढे जा.

चुकीची पटच चूक दाखवते

सराव करताना तुमचं उत्तर आणि छापील उत्तर जुळलं नाही, तर लगेच सगळं गणित खोडू नका. मोठ्या उत्तराला लहान उत्तराने भागा. भागाकार १०१ च्या आसपास आला, तर जूल आणि लिटर-ॲटमॉस्फिअर यांची अदलाबदल झाली आहे. १००० आला तर किलोजूल किंवा मिलिलिटर पाहा. ७६० आला तर पाऱ्याचे मिलिमीटर ॲटमॉस्फिअरमध्ये बदलायचे राहिले. ३१.६ आला तर मोलर वस्तुमान. ११ च्या थोडं वर आला, आणि तापमान २७ अंश होतं, तर केल्विन करायचं विसरलात, कारण ३०० भागिले २७ म्हणजे ११.१. २.३०३ आला तर नैसर्गिक लॉग आणि दहाच्या पायाचा लॉग यांत गल्लत आहे. उलट फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल, तर तो ०.०८२१ आणि ०.०८२०६ चा किंवा लॉग टेबलच्या शेवटच्या अंकाचा आहे, त्यात वेळ घालवू नका. पेपरात R ची किंमत दिली असेल तर तीच घ्या.

शेवटी एक पूर्ण गणित. ०.८८ ग्रॅम वायू २७ अंश सेल्सिअसला आणि ७४० मिलिमीटर पारा दाबाला ५०६ मिलिलिटर जागा घेतो. त्याचं मोलर वस्तुमान किती?

सूत्राला हात लावण्याआधी तिन्ही किमती बदलून घ्या. दाब ७४० भागिले ७६०, म्हणजे ०.९७४ ॲटमॉस्फिअर. आकारमान ०.५०६ लिटर. तापमान ३०० केल्विन. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये, म्हणून R ०.०८२०६. आता n = ०.९७४ × ०.५०६ भागिले २४.६२, म्हणजे ०.०२ मोल. ०.८८ भागिले ०.०२, उत्तर मोलला ४४ ग्रॅम. कार्बन डायऑक्साइड असू शकतो.

आता याच गणितातल्या चुका पाहा. ७४० तसेच घातले तर मोलर वस्तुमान ०.०५८ ग्रॅम येतं. हायड्रोजनचंसुद्धा २ ग्रॅम असतं, त्यामुळे ही चूक लगेच पकडली जाते. मिलिलिटर तसेच ठेवले तर ०.०४४, तेही अशक्यच. पण तापमान २७ घातलं तर उत्तर येतं ३.९६, म्हणजे जवळपास ४, आणि ४ म्हणजे हेलियम! हे उत्तर शहाण्यासुरत्या वायूचं दिसतं, म्हणून विद्यार्थी समाधानाने खाली रेघ मारतो. अशा वेळी उत्तर उलटं तपासावं लागतं. ०.८८ ग्रॅम हेलियम म्हणजे ०.२२ मोल. एका मोलला खोलीच्या तापमानाला २४.६ लिटर लागतात, तर ०.२२ मोलला साडेपाच लिटरच्या आसपास जागा हवी. प्रश्नात दिली आहे अर्ध्या लिटरची. ही तपासणी दोन ओळींची आहे. पेपरात वायूचं गणित सोडवून झालं, की पुढच्या प्रश्नाकडे वळण्याआधी तेवढ्या दोन ओळी कच्च्या कामात लिहा.